वादळी रात्र, सिग्नल केबिन आणि इंटरलॉकिंगचा नकाशा: कथा लिहिताना या चुका टाळा

विजा चमकताहेत, केबिनच्या काचांवर पाऊस आपटतोय, केबिनवाला थरथरत्या हातांनी इंटरलॉकिंगचा नकाशा उलगडतो, घाईघाईत भलताच लीव्हर ओढतो आणि दोन गाड्या एकमेकींवर येतात. अशा कथा माझ्याकडे वाचायला येतात, आणि दर वेळी मी त्याच ओळीवर थांबतो. पुढचं वाचवत नाही, कारण जी गोष्ट होऊ नये म्हणून इंटरलॉकिंग, म्हणजे लीव्हर एकमेकांना अडवतील असं यंत्र, बसवलंय, नेमकी तीच गोष्ट लेखकाने एका झटक्यात करून टाकलेली असते. केबिनमधल्या रात्रीत कथेला पुरून उरेल एवढं काही घडतं. ते कुठे घडतं हे कळण्यासाठी नकाशा वाचता आला पाहिजे, आणि तो अवघड नाही.

पहिली चूक: भलता लीव्हर ओढला आणि अपघात झाला

एक लहान स्टेशन घ्या. एक मेन लाइन, तिला फुटलेली एक लूप लाइन. लूप फुटते तिथे सांधा, म्हणजे गाडीला या नाहीतर त्या लाइनवर वळवणारे सरकते रूळ. केबिनमध्ये लीव्हरची रांग. आपल्याला चारच लीव्हर पुरतील. २ नंबर मेन लाइनच्या होम सिग्नलचा, म्हणजे गाडीला स्टेशनात घेणाऱ्या सिग्नलचा, ३ नंबर लूपच्या होम सिग्नलचा, ५ नंबर सांध्याचा आणि ६ नंबर त्या सांध्याच्या कुलपाचा. सिग्नलचे लीव्हर लाल, सांध्याचा काळा, कुलपाचा निळा. सांधा एरवी मेन लाइनकडे असतो. ५ ओढला की तो लूपकडे वळतो आणि ६ ओढला की आहे त्या जागी पक्का होतो.

नकाशावर रुळांची आकृती असते आणि प्रत्येक सांध्याशेजारी, सिग्नलशेजारी त्याच्या लीव्हरचा नंबर असतो. सोबत लॉकिंगचा तक्ता असतो. हा लीव्हर ओढायचा तर आधी कोणते ओढलेले हवेत, आणि तो ओढल्यावर कोणते अडकतात, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. आपल्या स्टेशनात ३ ओढायचा तर ५ आणि ६ दोन्ही ओढलेले हवेत. २ ओढायचा तर ६ ओढलेला हवा, पण ५ जागेवर हवा. ६ ओढला की ५ हलत नाही. म्हणजे लूपसाठी क्रम ५, ६, ३ आणि परतताना ३, ६, ५. मेन आणि लूप या दोन्ही मार्गांचे होम सिग्नल एकाच वेळी देता येतच नाहीत, कारण एकाला ५ ओढलेला लागतो आणि दुसऱ्याला न ओढलेला. हे कुणाच्या सावधपणावर सोडलेलं नाही. लीव्हरच्या खाली लोखंडी पट्ट्या एकमेकींच्या खाचांत बसतात आणि चुकीचा लीव्हर धरूनच ठेवतात. जॉन सॅक्स्बीने १८५६ मध्ये सांधे आणि सिग्नल एकत्र चालवण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून या कामाची दिशा हीच आहे.

तेव्हा तुमच्या केबिनवाल्याने भलता लीव्हर ओढला तर काय होईल? लीव्हर येणार नाही. कथा इथून सुरू होते. नवे लेखक नेमकं इथेच थांबायला तयार नसतात. त्यांना धडक हवी असते, तीही तिसऱ्या परिच्छेदात.

एक प्रसंग सांगतो. पावसाळ्यातली रात्र, सोसाट्याचा वारा. मेन लाइनवर मालगाडी उभी, कारण पुढे रुळावर झाड पडलेलं. मागून पॅसेंजर आली, तिला लूपमध्ये घ्यायचं होतं. लीव्हरवर एक शिकाऊ मुलगा होता. त्याने ५ ओढला. आला, पण शेवटच्या टप्प्यात जरा स्प्रिंगसारखा लागला. त्याने दुर्लक्ष केलं. ६ अर्ध्यावर येऊन थांबला. त्याने तसाच सोडला आणि सरळ ३ ला हात घातला. तो तर तसूभरही हलेना. बाहेर पॅसेंजर होम सिग्नलपाशी उभी, ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी देतोय. मुलाने पाय रोवले आणि ३ ला झटके द्यायला लागला. ‘फ्रेम जाम झालीय,’ असं ओरडलासुद्धा.

तिथल्या जुन्या केबिनवाल्याने त्याचा हात बाजूला केला आणि त्याला तक्त्यासमोर उभं केलं. ‘३ ला काय हवंय, वाच.’ ५ आणि ६. ‘६ पूर्ण आलाय?’ नाही. ‘मग ३ ला कशाला मारतोस, तो बरोबरच वागतोय. ६ ला काय हवंय?’ सांधा पूर्ण लागलेला हवा, तरच कुलपाचा दांडा खाचेत जातो. ‘५ कसा आला होता?’ मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, ‘शेवटी जरा दाबून आला, मास्तर.’

एवढ्यावर निदान झालं. केबिनमधून सांध्यापर्यंत लांबच लांब लोखंडी रॉड जातात, आणि त्यांना थोडी लवचीकता असते. त्यामुळे सांध्यात काही अडकलं असलं तरी लीव्हर पूर्ण आल्यासारखा वाटू शकतो. कुलूप मात्र फसत नाही. सरकणारा रूळ, म्हणजे टंग रेल, शेजारच्या रुळाला चिकटलीच नाही तर खाच दांड्यासमोर येत नाही. आपल्याकडच्या चाचणीत या दोन रुळांमध्ये ५ मिमी जाडीचा तुकडा धरून बघतात. तेवढ्या फटीतही कुलूप लागता कामा नये.

सांधेवाला कंदील घेऊन पावसात गेला. पाण्याबरोबर वाहत आलेला खडीचा दगड दोन रुळांमध्ये चेपून बसला होता. त्याने कंदील हलवला. वरून आधी ६ मागे ढकलला, मग ५. फट उघडली, दगड निघाला. परत ५, या वेळी स्वच्छ ठोका देऊन आला. ६ पूर्ण आला. ३ अलगद आला, आणि पॅसेंजर लूपमध्ये शिरली.

या प्रसंगात नकाशा वाचणं म्हणजे काय ते बघा. अडलेल्या लीव्हरपासून उलटं मागे जायचं आणि अंधारात नेमकं कुठे चालत जायचं ते ठरवायचं. तीन लीव्हर तीन वेगळ्या तऱ्हांनी हाताला लागले: एक दाबून आला, एक अर्ध्यावर अडला, एक मुळीच हलला नाही. हा फरक कथेत लिहिलात तर वाचकाला केबिनवाल्याच्या तळहातातून दूरच्या सांध्यातला दगड जाणवेल. माझी सवय सांगतो. अशी कथा हातात आली की मी आधी कागदावर चार लीव्हरचा तक्ता काढतो आणि लेखकाच्या पात्राचा प्रत्येक हात त्यावर तपासतो. जिथे तक्ता ‘नाही’ म्हणतो, तिथे मी लेखकाला लिहायला सांगतो: लीव्हर आला नाही.

दुसरी चूक: वीज पडली आणि सिग्नल हिरवा झाला

एका लेखकाशी यावरून माझा बराच वाद झाला. त्याच्या कथेत वीज कडाडते आणि यार्डातले सगळे सिग्नल एकदम हिरवे होतात. वाक्य सुंदर होतं, म्हणून त्याला ते सोडवेना. पण सिग्नलची रचना उलटी असते. तार तुटली की वजनाच्या भाराने सिग्नलचा हात आडवा होतो, म्हणजे थांबा. विजेच्या सर्किटमध्ये फ्यूज उडाला की रिले, म्हणजे विजेवर धरून ठेवलेला स्विच, खाली पडतो, म्हणजे पुन्हा थांबा. रुळांवर पाणी साचलं की ट्रॅक सर्किटचा, म्हणजे रुळावर गाडी आहे का ते ओळखणाऱ्या सर्किटचा, प्रवाह खडीतून गळतो आणि मोकळा रूळही ‘गाडी आहे’ असं दाखवायला लागतो. वादळ गाड्यांना थांबवतं.

खोटा हिरवा दिवा हवाच असेल तर बहुतेक वेळा त्यामागे माणसाचा हात शोधावा लागतो. १९८८ मध्ये लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनला तसं झालं. नवं वायरिंग करताना एक जुनी तार नीट कापून बाजूला केलेली नव्हती. ती परत जागेवर टेकली आणि थांबा दाखवायचा तो सिग्नल तसा राहिला नाही. ३५ माणसं गेली. तिथे वादळ नव्हतं.

मी त्या लेखकाला सुचवलं, सगळे सिग्नल लालच राहू दे. गाडी होमपाशी उभी आहे, आत घ्यायची तर सांधा क्लॅम्प लावून कुलूपबंद करायचा, जागेवर जाऊन बघायचा, ड्रायव्हरला लेखी परवाना द्यायचा आणि हातातल्या दिव्यावर गाडी घ्यायची. या मार्गाने गेलं की लोखंडी पट्ट्या मदतीला नसतात. आता चूक होऊ शकते. त्याने तो प्रसंग लिहिला आणि कथा उभी राहिली.

तिसरी चूक: नकाशावर गाडी दिसते असं समजणं

नकाशा मार्ग सांगतो. त्या मार्गावर आत्ता काय उभं आहे ते सांगत नाही. वरच्याच प्रसंगात, ट्रॅक सर्किट नसेल तर, केबिनवाला ५ जागेवर ठेवून ६ आणि मग २ ओढू शकला असता. पट्ट्यांनी त्याला अडवलं नसतं, कारण मेन लाइनचा मार्ग अगदी बरोबर लागलेला. फक्त तिथे मालगाडी उभी होती. ज्यांना धडक हवीच आहे त्यांनी इथे यावं. चुकीचा लीव्हर नको, तक्त्याप्रमाणे बरोबर असलेला लीव्हर घ्या.

२२ मे १९१५ ला स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिलला हेच झालं. लोकल गाडी केबिनच्या समोरच मुख्य मार्गावर उभी करून ठेवलेली होती. पाळी बदलायला आलेला केबिनवाला त्याच गाडीतून उतरून आला होता. तरीही तो तिला विसरला आणि सैनिकांच्या गाडीला सिग्नल दिले. दोनशेहून अधिक माणसं मेली. लीव्हरच्या मुठीवर अडकवायची एक साधी लोखंडी कडी असते, ‘याला हात लावू नकोस’ एवढं सांगणारी. ती त्या दिवशी घातलेली नव्हती. तुमच्या वादळी रात्रीच्या कथेत ही कडी पहिल्या पानावर खुंटीला लटकलेली दाखवा आणि २ नंबरवर ती कोण घालतं, कधी घालतं, ते लक्षात ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

नकाशा खिशातून काढून उलगडू नका, तो लीव्हरच्या वर चौकटीत टांगलेला असतो.

मुरलेला केबिनवाला रोजच्या कामासाठी नकाशा बघत नाही. तो बघतो तेव्हा काहीतरी अडलेलं असतं, किंवा तो दुसऱ्याला दाखवत असतो. वादळात तो पहिल्यांदाच नकाशा वाचतोय असं लिहिलंत तर आधी त्याला तिथे एकटा का बसवलाय ते सांगा.

लीव्हर सटासट ओढले जात नाहीत. मुठीजवळचा खटका दाबावा लागतो, अंगाचा भार मागे टाकावा लागतो, आणि लांबच्या सिग्नलच्या तारेला जास्तच.

शेजारच्या स्टेशनची लाइन क्लिअर, म्हणजे गाडी घ्यायला तयार असल्याची संमती, न घेता गाडी पुढे सोडणारं पात्र मी सरळ परत पाठवतो.

आणि ट्रेन रजिस्टर विसरू नका. गाडी किती वाजता आली, लाइन क्लिअर किती वाजता मिळाली, हे त्याच क्षणी लिहायचं असतं, अंगावरून पाणी गळत असलं तरी. कथेतल्या वेळा जुळत नसतील तर मी आधी लेखकाकडून त्या रात्रीच्या रजिस्टरचं एक पान लिहून घेतो. पॅसेंजर होमपाशी थांबली ती वेळ, सांधेवाला गेला ती वेळ, ३ नंबर आला ती वेळ. मग कथा त्या पानावर बसवायची.