बिल थकलं होतं, तीन मेलनी सुटलं

मुदत उलटून चाळीस दिवस झाले तरी क्लायंटचं उत्तर एकच, "बघतो". फोन केले, "जमलं तर पाहा" असंही लिहिलं. फार मनस्ताप झाला. माझ्या मेलमध्ये तारीखच नसायची, ही खरी चूक.

मग मूळ मेललाच उत्तर देत, बिल पुन्हा जोडून, आठवड्याच्या अंतराने लिहिलं.

सौम्य: "बिल क्र. 27 ची मुदत 5 मार्चला संपली. नजरचुकीने राहिलं असावं. रक्कम कधी जमा होईल, कळवाल का?"

स्पष्ट: "बिलात काही अडचण असल्यास सांगा, अन्यथा 25 एप्रिलपर्यंत रक्कम जमा करावी."

ठाम: "5 मेपर्यंत रक्कम न आल्यास पुढचं काम थांबवावं लागेल." खरंच थांबवणार असाल तरच हे लिहा. हा मेल त्यांच्या अकाउंट्स विभागालाही पाठवला. बिल तिथे पोचलंच नव्हतं! तीन दिवसांत पैसे जमा झाले.