नोकरी सोडताना लिहिलेली हँडओव्हर नोट: विश्लेषकांनो, या चुका टाळा

इंदूरमधील घरपोच खाद्यपदार्थ पुरवणाऱ्या एका कंपनीतून मी ऑक्टोबरच्या अखेरीस बाहेर पडलो, तेव्हा मागे अकरा पानांची हँडओव्हर नोट ठेवली होती. प्रत्येक आकड्याची व्याख्या, डेटामधील खोडी, चालू असलेल्या चाचण्या, असे सगळे तीत होते. 10 नोव्हेंबरला माझ्या जागी आलेल्या सहकारी ताईंचा फोन आला. "दादा, ऑक्टोबरचे ग्राहक परत येण्याचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 21 वर आलंय, आणि दुपारी साहेबांपुढे कारण सांगायचंय." नोट त्यांनी दोनदा वाचली होती. चूक त्यांची नव्हती, माझ्या नोटेची होती, आणि त्या एका नोटेतील तीन चुका येथे मांडतो. (आकडे समजण्यासाठी गोल केले आहेत.)

व्याख्या लिहिली, पण आकडा कधी वाचायचा ते लिहिले नाही

नोटेत मी लिहिले होते: "पहिल्या ऑर्डरनंतर 30 दिवसांत दुसरी ऑर्डर देणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण." व्याख्या चुकीची नाही, मात्र ती अर्धीच आहे. ऑक्टोबरमध्ये 900 नवे ग्राहक आले असतील, तर 10 नोव्हेंबरला 30 दिवस पूर्ण झालेले ग्राहक फक्त 11 ऑक्टोबरपर्यंत आलेलेच असतात. जो ग्राहक 28 ऑक्टोबरला आला, त्याला परत येण्यासाठी अजून पंधरवड्याहून अधिक मुदत शिल्लक आहे; पण भागाकार करताना तो छेदात धरला जातो आणि अंशात मात्र अजून पोहोचलेला नसतो. त्या दिवशी 189 जणांनी दुसरी ऑर्डर दिलेली होती, म्हणून डॅशबोर्डवर 21 टक्के दिसले. शेवटच्या दिवशी आलेल्या ग्राहकाचे 30 दिवस 30 नोव्हेंबरला संपतात, त्यामुळे ऑक्टोबरचा आकडा 1 डिसेंबरपूर्वी वाचूच नये. पुढे तो 270 ग्राहकांवर, म्हणजे 30 टक्क्यांवरच स्थिरावला.

अशी घसरण खरी की कच्च्या आकड्याची, हे ओळखण्याची सोपी रीत अशी की ग्राहकांना पहिल्या ऑर्डरच्या आठवड्यानुसार वेगळे करावे. जुन्या आठवड्यांचे प्रमाण नेहमीसारखे असेल आणि नव्या आठवड्यांकडे येताना ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे उतरत असेल, तर मुदत संपलेली नाही इतकाच त्याचा अर्थ. साहेबांना त्याच दिवशी उत्तर हवे असेल, तर दोन्ही महिन्यांतील ग्राहकांचे केवळ पहिल्या 10 दिवसांतील परत येणे मोजून तुलना करावी, आणि 10 दिवस पूर्ण न झालेले ग्राहक दोन्हीकडून वगळावेत.

याच ओळीत आणखी एक गोष्ट राहून गेली होती. आम्ही फक्त पोहोचलेल्या ऑर्डर मोजत होतो, तर हिशेब विभाग दिलेल्या सर्व ऑर्डर मोजत असे, रद्द झालेल्यांसह. दोन्ही आकड्यांचे नाव मात्र एकच होते.

खोड सांगितली, तिची खूण सांगितली नाही

"सर्व्हरवरील वेळ यूटीसी आहे," एवढेच एक वाक्य मी लिहिले होते. भारतीय वेळ तिच्या 5 तास 30 मिनिटे पुढे असल्याने मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातील ऑर्डर रूपांतर न केल्यास आदल्या तारखेत जाते. शनिवारची मध्यरात्र उलटून रविवार लागल्यावर 12:40 ला आलेली ऑर्डर यूटीसीनुसार शनिवारच्या 19:10 ची ठरते. एखाद्या लवकर झोपणाऱ्या गावात याने फारसे बिघडले नसते. पण सराफ्यातील खाऊगल्ली मध्यरात्रीनंतरही गजबजलेली असते, त्या इंदुरात शनिवार-रविवारचे आकडे याने सरळ इकडचे तिकडे होतात.

ताईंनी माझे वाक्य वाचून सर्व क्वेरींना एकच रूपांतर लावले. ऑर्डरच्या टेबलमध्ये वेळ टाइमझोनविना साठवलेली होती, म्हणून पोस्टग्रेसमध्ये हे बरोबर चालले:

```sql
created_at AT TIME ZONE 'UTC' AT TIME ZONE 'Asia/Kolkata'
```

पेमेंटच्या टेबलमधील रकाना मात्र `timestamptz` प्रकारचा होता, आणि तेथे पहिले रूपांतर नको असते:

```sql
paid_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata'
```

येथे पहिलीच ओळ लावली, तर क्वेरी त्रुटी न दाखवता चालते, पण उत्तर चुकीचे देते. यूटीसीची वेळ भारतीय समजून ती पुन्हा मागे ढकलली जाते, आणि सेशन यूटीसीवर असेल तर रात्रीचे 12:40 हे आदल्या दिवशीचे दुपारचे 1:40 म्हणून दिसतात. एकूण 11 तासांचा फरक.

नोटेत लिहायला हवी होती ती खूण अशी: आमची किचन्स पहाटे 4 ते सकाळी 8 बंद असतात, म्हणून तासागणिक नोंदी मोजल्यावर तेवढाच पट्टा रिकामा दिसला पाहिजे. तो रात्री 10:30 पासून दिसला, तर रूपांतर झालेलेच नाही. तो संध्याकाळी 5 ते 9 दिसला, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळेआधी किचन बंद आणि पहाटे तुडुंब असे चित्र आले, तर चुकीचे रूपांतर दोनदा झाले आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि ती नोटेतील त्या वाक्याहून कितीतरी अधिक उपयोगी पडते.

चाचणी "सुरू आहे" एवढेच लिहिले

सर्वांत महाग पडली ती ही चूक. मोफत डिलिव्हरीची मर्यादा 249 रुपयांवरून 199 करावी का, यासाठी ग्राहकांचे निम्मे-निम्मे दोन गट पाडले होते. अ‍ॅप उघडणाऱ्यांपैकी ऑर्डर देणाऱ्यांचे प्रमाण 10 टक्के होते, आणि ते 11 टक्के झाले तरच बदल परवडणार होता. एवढा फरक भरवशाने पकडायला, 5 टक्के पातळी आणि 80 टक्के शक्ती धरल्यास, प्रत्येक गटात सुमारे 15 हजार ग्राहक लागतात; दररोज प्रत्येक गटात 600 नवे ग्राहक येत असल्याने पंचवीस दिवस, आणि आठवडे पूर्ण व्हावेत म्हणून 28 दिवस, असा हिशेब होता. तो माझ्या वहीत होता, नोटेत नव्हता.

नवव्या दिवशी पी-व्हॅल्यू 0.05 खाली उतरलेली दिसली आणि चाचणी "यशस्वी" म्हणून थांबवण्याची तयारी झाली. रोज निकाल पाहून सोयीच्या दिवशी थांबले, तर काहीच फरक नसतानाही फरक आहे असे म्हणण्याची शक्यता 5 टक्क्यांहून बरीच वाढते. ताईंनी थांबवण्याआधी विचारले, हे आमचे नशीब. आम्ही ती पूर्ण चालू दिली.

तिच्या शेवटी दुसरीच गोष्ट उघडी पडली. 30 हजार ग्राहकांपैकी एका गटात 15,400 आणि दुसऱ्यात 14,600 होते. पाहताना हा फरक किरकोळ वाटतो. पण निम्मे-निम्मे वाटप खरेच होत असेल, तर प्रमाण विचलन सुमारे 87 येते, म्हणजे अपेक्षित 15 हजारांपासूनचा 400 चा फरक त्याच्या साडेचार पटींहून अधिक आहे. योगायोगाने असे जवळजवळ होत नाही. शोध घेतल्यावर अ‍ॅपच्या जुन्या आवृत्तीत 199 चा फलक उघडताना नोंदच जात नसल्याचे निघाले. त्या गटातून जुन्या फोनचे ग्राहक गळत होते. निकाल वापरण्याजोगा राहिला नाही, आणि चाचणी नव्याने लावावी लागली.

नव्या चाचणीची नोंद आम्ही दोघांनी फोनवर मिळून लिहिली. गटांची विभागणी ग्राहक क्रमांकावर आहे, फोनवर नाही. अ‍ॅपची जुनी आवृत्ती वगळली आहे. निकाल 28 व्या दिवसाआधी उघडायचा नाही. त्याआधी फक्त दोन गटांची संख्या रोज पाहायची, आणि तिच्यातील तफावत तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेली तर चाचणी थांबवून कारण शोधायचे. प्रमाण 11 टक्क्यांपर्यंत पोहोचले नाही, तर मर्यादा 249 च राहील. शेवटच्या ओळीवर ताईंनी साहेबांची सही आधीच घेऊन ठेवली.