एका मिनिटाच्या उत्पादन-माहितीपटाचा स्टोरीबोर्ड कसा आखावा

कडधान्याला मोड आणण्याचा तीन मजली डबा बऱ्याच स्वयंपाकघरांत दिसतो, आणि तो कसा वापरायचा हे न समजल्यामुळे माळ्यावर पडून राहिलेलेही अनेक डबे दिसतात. अशा डब्याची ओळख करून देणारा ६० सेकंदांचा व्हिडिओ आपल्याला करायचा आहे असे धरून चालू. कॅमेरा हातात घेण्यापूर्वी स्टोरीबोर्डचे, म्हणजे व्हिडिओतील दृश्ये क्रमाने चौकटींत काढण्याचे, कागदावर जे काम करायचे, तेवढेच येथे सांगितले आहे.

आधी निवेदन, मग चित्र

चित्रे काढायला लगेच बसू नये. व्हिडिओ पाहून झाल्यावर प्रेक्षकाला काय करता आले पाहिजे, हे प्रथम एका वाक्यात लिहावे. आपल्या डब्यासाठी ते वाक्य असे होईल: ‘भिजवलेली मटकी निथळून डब्यात ठेवता आली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी ती मोडांसह काढता आली पाहिजे.’ या वाक्यात न बसणारी गोष्ट, उदाहरणार्थ डबा किती रंगांत मिळतो ही माहिती, या व्हिडिओत घेऊ नये.

त्यानंतर निवेदन लिहावे आणि ते घड्याळ लावून मोठ्याने वाचावे. मनातल्या मनात वाचलेले निवेदन नेहमी कमी वेळाचे वाटते. मी या डब्यासाठी लिहिलेला पहिला मसुदा साधारण दीडशे शब्दांचा होता आणि सावकाश वाचताना त्याला सव्वा मिनिटाहून अधिक वेळ लागला. ६० सेकंदांत शंभराच्या आसपास शब्द सुखाने बसतात, कारण हात काम करत असताना काही क्षण निवेदन थांबलेच पाहिजे. पाणी निथळताना पाहायचे असते, तेव्हा त्यावर बोलत राहण्याची गरज नसते.

निवेदन कोठे तोडावे

लिहिलेल्या निवेदनात, जेथे प्रेक्षकाच्या डोळ्यांना नवे काही दिसायला हवे, तेथे तिरकी रेघ मारावी. वाक्य संपले म्हणून चित्र बदलत नाही. ‘भिजलेली मटकी चाळणीत निथळून घ्या आणि जाळीच्या ताटलीत पसरा’ हे वाक्य एक असले तरी त्यात दोन चित्रे आहेत: निथळणे ओट्यावरून दिसते, पसरणे मात्र थेट वरून पाहिल्याशिवाय कळत नाही. याउलट झाकण लावण्याविषयीची दोन वाक्ये एकाच चित्रावर चालतात. आपल्या निवेदनाचे असे बारा तुकडे झाले. फडक्यात बांधलेल्या, चिकट झालेल्या मटकीला ८ सेकंद, डब्याच्या ओळखीला ७, प्रत्यक्ष वापराला ३२, मोड आलेल्या मटकीला ८ आणि शेवटी नावाला ५ सेकंद मिळाले. वापराला निम्म्याहून अधिक वेळ मिळत नसेल तर ती जाहिरात होईल, माहितीपट होणार नाही.

चौकटी सुट्या कागदांवर काढाव्यात

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत चित्रांचे सुटे कागद फळीवर टाचण्याची पद्धत रुळली. तिचा फायदा आजही तोच आहे: चूक सापडली की एक कागद उचलून दुसरीकडे लावता येतो, सगळे पुन्हा काढावे लागत नाही. म्हणून वहीच्या पानावर ओळीने चौकटी आखण्यापेक्षा बारा सुटे कागद घ्यावेत. आडव्या व्हिडिओसाठी १६ सेंमी रुंद आणि ९ सेंमी उंच चौकट आखली की पडद्याचे प्रमाण बरोबर येते. मोबाइलवरील उभ्या व्हिडिओसाठी हीच चौकट उभी करावी. उभ्या चौकटीचा खालचा भाग रेघ मारून मोकळा सोडावा, कारण मोबाइलवर तेथे मजकूर आणि बटणे येतात आणि ताटली नेमकी त्यांच्याखाली झाकली जाते.

चित्रकला येण्याची गरज नाही. हात म्हणजे पाच रेघा, डबा म्हणजे तीन आडवे आयत. मात्र दोन गोष्टी चुकवू नयेत. वस्तू कोठून किती जवळ दिसते हे खरे काढावे, आणि हालचाल बाणाने दाखवावी: हाताची हालचाल चौकटीच्या आत, कॅमेऱ्याची हालचाल चौकटीच्या बाहेर. चौकटीखाली क्रमांक, निवेदनाचा तुकडा, ऐकू येणारा इतर आवाज आणि सेकंद लिहावेत.

आठव्या चौकटीत मी बंद डबा समोरून काढला आणि पारदर्शक झाकणातून मोड दिसतात असे दाखवले. कागदावर पाहताना लक्षात आले की रात्रभर बंद राहिलेल्या डब्याच्या झाकणावर आतून वाफेचे थेंब जमतात, त्यामुळे कॅमेऱ्याला काहीच दिसणार नाही. ती चौकट बदलून वरून, झाकण उचलतानाची केली.

वीस तास दोन सेकंदांत

या विषयातील खरी अडचण वेळेची आहे. मटकी साधारण आठ तास भिजते आणि पुढे सुमारे बारा तासांत तिला मोड येतात. थंडीत याहून जास्त वेळ लागतो. हा काळ दाखवण्यासाठी एकाच कोनातून तीन चौकटी काढाव्यात: भिजलेली मटकी, कोंब डोकावणारी मटकी, लांब मोडांची मटकी. तिन्हींखाली ‘कॅमेरा हलवू नये, ताटलीची जागा खडूने आखावी’ अशी सूचना लिहावी, कारण ताटली बोटभर सरकली तरी चित्रे एकमेकांत विरघळताना उडी दिसते.

याच कागदावरून तयारीही ठरते. रविवारी सकाळी ११ वाजता चित्रीकरण असेल, तर लांब मोडांची मटकी शनिवारी दुपारी ३ च्या आधीच भिजत पडलेली हवी, कोंब डोकावणारी शनिवारी रात्री ९ च्या सुमारास, आणि नुसती भिजलेली झोपण्यापूर्वी. स्टोरीबोर्ड रविवारी सकाळी पूर्ण केला तर हे जमणार नाही.

अनोळखी डोळ्यांना दाखवावे

बाराही कागदांचे मोबाइलने फोटो काढावेत, एडिटिंगच्या कोणत्याही साध्या ॲपमध्ये ठरलेल्या सेकंदांप्रमाणे लावावेत आणि आपल्याच आवाजातील निवेदन खाली जोडावे. याला ॲनिमॅटिक म्हणतात. असा डबा कधीही न वापरलेल्या एका व्यक्तीला हा ॲनिमॅटिक दाखवावा आणि ‘आवडले का?’ असे न विचारता, ‘हा डबा आता तुमच्या हाती दिला तर आधी काय कराल?’ असे विचारावे.

माझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “मटकी पाण्यासकट वरच्या ताटलीत ओतीन.” निवेदन स्पष्ट होते, घोटाळा चित्रात होता. भिजवण्याचे पातेले मी डब्याला लागूनच काढले होते, त्यामुळे डोळ्यांनी दोन्ही एकत्र जोडले. पातेले वेगळ्या चौकटीत नेले आणि मधल्या चाळणीला एक सेकंद वाढवला, तो ओळखीच्या सातांतून कापून. पुन्हा दाखवले तेव्हा काकूंनी चाळणी मागितली.

शेवटी चित्रीकरणाचा क्रम

आता कागद कथेच्या क्रमाने न लावता कॅमेऱ्याच्या जागेप्रमाणे लावावेत. वरून घ्यायच्या पाच चौकटी एका गठ्ठ्यात, ओट्यावरून समोरून घ्यायच्या चार दुसऱ्यात, उरलेल्या तीन तिसऱ्यात. प्रत्येक गठ्ठ्यात कोरड्या, स्वच्छ डब्याची चौकट सर्वांत वर ठेवावी, कारण एकदा ओला झालेला डबा जाळीच्या छिद्रांपर्यंत पुसून पुन्हा नवा दिसायला बराच वेळ जातो. चौकटीचा मूळ क्रमांक कोपऱ्यात तसाच राहू द्यावा आणि प्रत्येक फाइलला तोच क्रमांक द्यावा, म्हणजे संकलनाला बसल्यावर कागद पुन्हा कथेच्या क्रमाने मांडता येतील.