भरलेला कपॅसिटर आणि s-डोमेन: या चुका टाळा

जुळे सोलापुरात संध्याकाळी माझ्याकडे डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुलं सर्किटची गणितं घेऊन येतात. परवा एका मुलीने वही पुढे केली. "सर, सगळं तपासलं, तरी कपॅसिटरवर शेवटी १२ व्होल्टच येताहेत. २० यायला हवेत ना?" तिचं पार्शल फ्रॅक्शन अगदी नीट होतं. चूक दुसरीकडेच होती, आणि ती इतक्या वह्यांत दिसते की तेच गणित इथे सोडवतो.

स्विच बराच वेळ डावीकडे आहे. तिथे १२ व्होल्टचा सप्लाय, त्याला सिरीजमध्ये २ किलोओहम, पुढे ४ किलोओहम, आणि या ४ किलोओहमला पॅरललमध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. t = 0 ला स्विच उजवीकडे जातो आणि कपॅसिटर ५ किलोओहममधून २० व्होल्टच्या सप्लायला जोडला जातो. दोन्ही सप्लायचं प्लस टोक कपॅसिटरच्या वरच्या प्लेटकडे आहे.

पहिली अडखळ सुरुवातीच्या व्होल्टेजपाशीच येते. बरीच मुलं सप्लाय पाहून सरळ १२ लिहितात. डीसीवर बराच वेळ गेला की कपॅसिटर ओपन होतो, त्यामुळे त्याच्यावर ४ किलोओहमचं व्होल्टेज असतं: १२ × ४/६ = ८ व्होल्ट. स्विच फिरताना हे व्होल्टेज झटक्यात बदलत नाही, म्हणून उजवीकडच्या गणिताची सुरुवात ८ व्होल्टपासून.

आता s-डोमेन. भरलेल्या कपॅसिटरच्या जागी दोन गोष्टी सिरीजमध्ये येतात: 1/sC हा इंपिडन्स आणि 8/s हा व्होल्टेज सोर्स. सोर्सचं प्लस टोक जी प्लेट आधी पॉझिटिव्ह होती तिकडेच ठेवायचं. सप्लायसुद्धा 20 नव्हे, 20/s लिहायचा.

```
20/s - 8/s = I(s) * (5000 + 10000/s)
I(s) = 0.0024/(s + 2)
```

म्हणजे करंट २.४ मिलिअँपिअरपासून सुरू होऊन e^(-2t) प्रमाणे उतरतो. इथपर्यंत त्या मुलीचंही बरोबर होतं. पुढे तिने I(s) ला 1/sC ने गुणलं आणि त्यालाच कपॅसिटरचं व्होल्टेज म्हटलं. त्यातून 12 - 12e^(-2t) मिळतं. पण 1/sC हा कपॅसिटरचा फक्त अर्धा भाग आहे. खरा कपॅसिटर म्हणजे 1/sC आणि 8/s मिळून, दोघांच्या बाहेरच्या टोकांमध्ये. आकृतीत त्या दोघांभोवती तुटक रेषेची चौकट काढा आणि V_C चे प्लस-मायनस चौकटीच्या बाहेर लिहा. मग 8/s विसरणं अवघड होतं.

```
V_C(s) = I(s)/(sC) + 8/s = 20/s - 12/(s + 2)
v_C(t) = 20 - 12e^(-2t)
```

दुसरी चूक याहून फसवी आहे: 8/s ची दिशा उलटी घेणं. तसं केलं की लूपमध्ये २० आणि ८ ची बेरीज होऊन २८ येतात, आणि v_C(t) = 20 - 28e^(-2t) असं उत्तर निघतं. ते शेवटी २० वरच पोचतं, म्हणून फक्त शेवटची किंमत पाहणाऱ्याला शंकाच येत नाही. t = 0 टाका, -८ व्होल्ट दिसतील. उलट त्या मुलीच्या उत्तरात सुरुवातीला शून्य आणि शेवटी १२ येतं, म्हणजे दोन्ही टोकं चुकतात. म्हणून मी दोन्ही टोकं तपासायला लावतो: s V_C(s) मध्ये s अनंताकडे नेला की ८ यायला हवेत, शून्याकडे नेला की २०. इनव्हर्स लाप्लास घ्यायच्या आधीच हे होतं, अर्ध्या मिनिटाचं काम. (कपॅसिटर खरोखरच उलटा जोडला असेल तर २८ बरोबर असतात. तेव्हा वरच्या प्लेटच्या दृष्टीने सुरुवातही -८ लाच होते.)

लूपमध्ये दिशेचा गोंधळ होणाऱ्यांना मी नोडचं समीकरण सुचवतो. त्यात सुरुवातीचं व्होल्टेज कपॅसिटरला पॅरलल असलेला करंट सोर्स होऊन येतं, त्याची दिशा पॉझिटिव्ह प्लेटमध्ये शिरणारी आणि किंमत C गुणिले ८, म्हणजे ०.०००८. इथे मुलं सवयीने खाली s लिहितात. तो लिहायचा नाही, कारण I = sCV - C*v(0) या समीकरणात शेवटच्या पदाला s नाही.

```
(V - 20/s)/5000 + 0.0001*s*V = 0.0008
V(s) = (8s + 40)/(s(s + 2))
```

याचे तुकडे केले की तेच 20/s - 12/(s + 2) हाती येतं. या पद्धतीत V हे थेट कपॅसिटरचं पूर्ण व्होल्टेज असतं, त्यामुळे शेवटी 8/s मिळवायचं नसतं. दोन पद्धती एकाच गणितात मिसळल्या की ८ एकदा जास्त मोजले जातात आणि उत्तर शेवटी २८ व्होल्टवर जाऊन थांबतं.