सी-वनची नोटीस आली म्हणून नुसती चावी देऊन निघू नका

मामाच्या पार्ल्याच्या बिल्डिंगच्या जिन्यात बीएमसीची नोटीस चिकटली, मोडकळीला आलेल्या बिल्डिंगला देतात ती कलम 354 ची, आणि दुसऱ्या दिवसापासून निम्मी बिल्डिंग टेम्पो शोधायला लागली. पहिली चूक तिथेच. नोटीसवर कॅटेगरी काय आहे ते आधी बघायचं. सी-वन म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-टू-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-टू-बी म्हणजे राहून दुरुस्ती. मालकाने केलेल्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीत, सी-वन आलं आणि ते पटत नसेल तर भाडेकरूंनी आपला इंजिनिअर आणून ऑडिट करून घ्यावं, दोन रिपोर्टमध्ये फरक पडला तर बीएमसीची टेक्निकल ॲडव्हायझरी कमिटी, म्हणजे टॅक, बघते. पण खरंच कॉलमचं काँक्रीट सुटून सळ्या बाहेर आल्या असतील तर उगाच भांडत बसू नका, जीव आधी.

मामाकडे सी-वनच होतं, आणि ते बरोबरच होतं. घोळ झाला तो निघताना. मालकाचा माणूस एक छापील कागद घेऊन आला, म्हणे "काका, फक्त खोली रिकामी केल्याची सही." मामीने चष्मा लावून वाचलं तर आत लिहिलेलं, भाडेकरू हक्क सोडून ताबा स्वखुशीने मालकाला परत देत आहे. अशी सही केली की पुढे तुम्हीच भाडेपट्टा सोडलात असं म्हणायला मालक मोकळा. मामीने ती ओळ खोडायला लावली आणि वर लिहिलं, "354 च्या नोटीसमुळे तात्पुरतं निघतोय, भाडेकरू हक्क कायम."

बिल्डिंग पडली की भाडेहक्क संपला असं बरेच मालकही समजतात, ते चूक आहे. सुप्रीम कोर्टाने 2014 साली शहा रतनसी खिमजी केसमध्ये सांगितलंय की इमारत पाडली तरी भाडेहक्क जात नाही. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने सांगितलं की पाडण्याआधी बीएमसीने भाडेकरू आणि त्यांच्या जागेच्या एरियाची यादी करायची, आणि रिडेव्हलपमेंटच्या आयओडीमध्ये, म्हणजे बीएमसीच्या पहिल्या सशर्त मंजुरीत, अट टाकायची की भाडेकरूंशी करार दाखल झाल्याशिवाय सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, मिळणार नाही. म्हणजे मालकाने टाळलं तर त्याचंच काम अडतं.

आता सगळं त्या यादीवर येतं, आणि लोक मोजणीच्या दिवशी गावाला असतात! मामाच्या भाडेपावतीवर एरिया लिहिलाच नव्हता. खोली 12 बाय 15, म्हणजे 180 स्क्वेअर फूट, पण आधी यादीत 150 लागलं, कारण आतली मोरी मोजलीच नव्हती. मामाने टेप लावून फोटो काढले होते, वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा दुरुस्त झालं. बिल्डिंग पडल्यावर हे मोजणार कशावर?

भाडेपावत्या आणि लाईट बिलं मात्र टेम्पोत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. मामाच्या शेजाऱ्यांची पेटी त्या धावपळीतच हरवली.