मालिकेच्या थंबनेलची एकसारखी शैली क्लिक वाढवते की घटवते, हे कसे तपासावे

यूट्यूबवरील एखाद्या मालिकेचे दहा-बारा भाग एकाच रंगाच्या चौकटीत, एकाच बाजूला चेहरा आणि एकाच वळणाची अक्षरे ठेवून प्रसिद्ध केले, की नंतरच्या भागांचा क्लिक दर सुरुवातीच्या भागांपेक्षा कमी दिसू लागतो आणि त्याचा दोष बहुधा एकसारख्या थंबनेलवर येतो. हा दोष काही वेळा खरा असतो, पण यूट्यूब स्टुडिओत दिसणाऱ्या एकत्रित दरावरून तो ठरवता येत नाही. थंबनेल निम्म्याहून कमी झाकलेले असताना पडद्यावर एका सेकंदापेक्षा अधिक काळ दिसले, तर एक इम्प्रेशन मोजले जाते. अशा शंभर इम्प्रेशन्समागे किती जणांनी व्हिडिओ उघडला, एवढेच हा दर सांगतो. थंबनेल कोणाला दिसले, हे त्यात कुठेही उमटत नाही आणि खरी गोम तिथेच आहे.

सर्व भाग एकाच वयाचे करून घ्या

व्हिडिओ प्रसिद्ध होताच तो प्रामुख्याने चॅनलशी परिचित असलेल्या प्रेक्षकांसमोर येतो आणि पुढे प्रतिसाद पाहून अनोळखी प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या भागाचा आजवरचा दर आणि गेल्या आठवड्यातील भागाचा दर शेजारी ठेवणे निरर्थक ठरते. प्रत्येक भागासाठी प्रसिद्धीच्या दिवसापासून पहिल्या ७ दिवसांचाच कालावधी निवडावा आणि त्यातील इम्प्रेशन्स व क्लिक दर एका तक्त्यात उतरवून घ्यावेत.

एकेका भागाच्या चढउताराकडे फार लक्ष देऊ नये. दर ४ टक्के आणि इम्प्रेशन्स १०,००० असतील, तर शैलीत काहीही न बदलता केवळ योगायोगाने तो ३.६ ते ४.४ यांदरम्यान कुठेही पडू शकतो. विषयाच्या आकर्षकतेतील फरक तर याहूनही मोठा असतो. म्हणून पहिले चार भाग एका गटात आणि शेवटचे चार दुसऱ्या गटात घेऊन गटांची तुलना करणे अधिक सुरक्षित आहे.

दर स्रोतानुसार फोडा

आता अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये जाऊन हेच आकडे ट्रॅफिक सोर्सनुसार पाहावेत. समजा, पहिल्या चार भागांना मुखपृष्ठावर ४०,००० इम्प्रेशन्स मिळाली आणि तेथील दर ४ टक्के होता, म्हणजे १,६०० क्लिक; सबस्क्रिप्शन फीड व चॅनलच्या पानावर १०,००० इम्प्रेशन्सवर ९ टक्के, म्हणजे ९०० क्लिक. एकूण ५०,००० वर २,५०० क्लिक झाले, दर ५ टक्के. शेवटच्या चार भागांना मुखपृष्ठावर १,१०,००० इम्प्रेशन्स मिळाली आणि दर ४.२ टक्के झाला, म्हणजे ४,६२० क्लिक. फीड व चॅनलच्या पानावर पूर्वीइतकेच ९००. एकूण १,२०,००० वर ५,५२० क्लिक, दर ४.६ टक्के.

एकत्रित दर ५ वरून ४.६ वर घसरला, मात्र कोणत्याही एका ठिकाणी तो कमी झालेला नाही. मुखपृष्ठावर तर किंचित वाढलाच आहे. मुळात कमी दर असलेल्या जागेचा वाटा वाढला, एवढेच घडले. अशा मालिकेचे थंबनेल बदलणे म्हणजे चांगल्या चाललेल्या गोष्टीत विनाकारण हात घालणे होय.

चिंता करावी ती उलट चित्र दिसल्यावर: मुखपृष्ठावरील दर टिकून आहे, परंतु फीडमधील ९ टक्क्यांचा दर ६ टक्क्यांवर आला आहे. हे परिचित प्रेक्षक आहेत आणि एकसारखेपणाचा त्रास सर्वात आधी त्यांनाच होतो, कारण नवा भाग पाहिलेल्या भागासारखाच दिसतो आणि बोट पुढे सरकते. त्याची खातरजमा करण्यासाठी आठ थंबनेल मोबाइलवर दिसतात तेवढ्या आकारात ओळीने मांडावीत आणि शीर्षके झाकून कोणता भाग कोणता हे चॅनलबाहेरच्या एखाद्या व्यक्तीला विचारावे. भागांचा क्रमांक उजव्या खालच्या कोपऱ्यात टाकलेला असेल तर तो कालावधीच्या पट्टीखाली लपतो; ही चूक आश्चर्य वाटावे इतकी सर्रास आढळते.

फीडमधील घसरणीचे दुसरेही कारण असू शकते: चॅनलचा प्रेक्षकच थंडावला असेल. त्यासाठी त्याच काळात प्रसिद्ध झालेल्या, मालिकेबाहेरील स्वतंत्र व्हिडिओंचा फीडमधील दर पाहावा. तोही तेवढाच उतरला असेल तर कारण थंबनेलच्या शैलीपलीकडे आहे. तो टिकून असेल तर संशय मालिकेवर येतो, मात्र तेव्हाही शैली आणि विषय यांपैकी दोषी कोण हे बदल करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एकाआड एक भाग बदला

यूट्यूबच्या टेस्ट अँड कंपेअर सुविधेत एकाच व्हिडिओची तीनपर्यंत थंबनेल तपासता येतात, परंतु या कामासाठी ती अपुरी आहे. तिचा निकाल क्लिक दरावर नव्हे, तर पाहण्याच्या वेळेतील वाट्यावर ठरतो. शिवाय एकसारख्या शैलीचा लाभ एका भागापुरता नसतो. एक भाग पाहणाऱ्याला शेजारी दिसणारा दुसरा भाग त्याच मालिकेचा म्हणून ओळखता येतो, हा तो लाभ आहे आणि एका व्हिडिओच्या चाचणीत तो सापडत नाही.

म्हणून बारा जुन्या भागांपैकी सम क्रमांकाच्या सहा भागांचे थंबनेल नव्या, मोकळ्या शैलीत करावे आणि विषम क्रमांकाचे सहा तसेच ठेवावेत. फक्त पडलेले भाग निवडून बदलू नयेत, कारण वाईट आकडे काही केले नाही तरी थोडे सावरतात आणि त्याचे श्रेय नव्या थंबनेलला जाते. शीर्षकांना या काळात हात लावू नये. बदलापूर्वीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस घेऊन दर पुन्हा स्रोतानुसारच मोजावा.

समजा, बदललेल्या सहा भागांचा मुखपृष्ठावरील दर ३०,००० इम्प्रेशन्सवर ३.५ वरून ४.१ टक्के झाला, म्हणजे १८० क्लिक वाढले. पण सुचवलेल्या व्हिडिओंत, जिथे यादी उघडल्यावर बहुतेक प्रेक्षक मालिकेच्याच इतर भागांशेजारून आलेले दिसतात, २०,००० इम्प्रेशन्सवरील दर ६ वरून ४.८ टक्क्यांवर आला, म्हणजे २४० क्लिक गेले. न बदललेल्या भागांत दोन्ही ठिकाणी फारसा फरक नाही. येथे मोकळी शैली अनोळखी प्रेक्षकांना आवडली, तरी मालिकेची ओळख तुटल्याने एकूण ६० क्लिकचा तोटाच झाला.

अशा वेळी जुनी शैली जशीच्या तशी परत आणण्यापेक्षा ओळखीची एकच खूण, उदाहरणार्थ डाव्या कडेची रंगीत पट्टी, सर्व भागांवर कायम ठेवावी आणि चित्र, पार्श्वभूमी व मजकूर प्रत्येक भागाच्या विषयानुसार मोकळे सोडावेत. ही मांडणीही त्याच सहा भागांवर लावून आणखी २८ दिवस थांबावे. सुचवलेल्या व्हिडिओंतील दर ६ टक्क्यांच्या जवळ परतला आणि मुखपृष्ठावरील वाढ टिकली, तरच उरलेल्या सहा भागांकडे वळावे.