नुसता तिकिटाचा फोटो आला तर काय सांगावं, काय झाकायला लावावं

घरच्या ग्रुपवर मामांचा एक फोटो येतो: रेल्वेचं ई-तिकीट, सोबत एक अक्षरही नाही. कन्फर्म झालं का हे विचारायचंय, स्टेशनवर घ्यायला बोलवायचंय, की नुसतं कळवायचंय? "कशासाठी पाठवलंत?" असा उलटा प्रश्न टाकू नका, ज्येष्ठांना तो टोचतो. तिकीट आधी नीट वाचा, कामाचं तेवढं सांगा आणि शेवटी एकच प्रश्न विचारा.

वाचताना सुरुवात तारखेपासून करा, कारण सगळ्यात महाग चूक तिथेच होते. मामांचं तिकीट कोकणकन्येचं आहे, पनवेल ते सावंतवाडी, तारीख १५, शुक्रवार. ही गाडी मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे १५ तारखेच्या तिकिटासाठी घरातून निघायचं १४ला, गुरुवारी रात्री. शुक्रवारी रात्री जेवूनखाऊन स्टेशनवर गेलेल्या माणसाची गाडी आदल्याच रात्री गेलेली असते. म्हणून उत्तरात नुसती तारीख लिहू नका, वार आणि "गुरुवारी रात्री निघायचं" असं स्पष्ट लिहा. `Boarding At` समोरचं स्टेशनही बघून घ्या. तिकीट ठाण्याहून असेल आणि माणूस पनवेलला उभा असेल, तर बर्थ हातचा जाऊ शकतो.

मग स्टेटस. फोटोत दिसतं ते तिकीट काढलं त्या दिवशीचं, आजचं नव्हे. त्यावर `WL/18` असेल तर दहा आकडी पीएनआर घेऊन रेल्वेच्या साइटवर आजची स्थिती बघा, किंवा `PNR` लिहून पुढे तो नंबर टाकून १३९ वर एसएमएस करा. `CNF/S4/33` आलं तर डबा एस-४, बर्थ ३३. स्लीपरमध्ये आठाने भागून एक उरला की बर्थ खालचा, गुडघे दुखणाऱ्यांना हे आधी सांगावं. आरएसी असेल तर गाडीत चढता येतं, पण बसायची जागा दोघांत वाटून. ई-तिकिटावरचे सगळेच प्रवासी चार्ट लागल्यावरही वेटिंगवर राहिले, तर तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे ज्या खात्यातून गेले तिथे परत येतात. हे मामांना जरूर सांगा, पुढच्या इशाऱ्याचा धागा इथेच आहे.

उत्तर साधारण असं असावं: "मामा, तिकीट बघितलं. कोकणकन्या, पनवेलहून, गुरुवारी रात्री निघायचं. काढलं तेव्हा वेटिंग १८ होतं, आज ३ आहे. चार्ट लागला की परत बघून सांगते. आम्ही सावंतवाडीला घ्यायला यायचं ना?"

इशारा मात्र ग्रुपवर नको, वेगळा मेसेज करा किंवा फोन. चारचौघांत सांगितलं की मुद्दा बाजूला राहतो आणि अपमान लक्षात राहतो. त्या फोटोत पीएनआर, नावं, वयं, क्यूआर कोड आणि बऱ्याचदा मोबाइल नंबरही असतो. ठग याच माहितीवर फोन करतात: "तुमचं वेटिंग कन्फर्म करून देतो, या लिंकवर दोन रुपये भरा." नाव, गाडी, तारीख सगळं बरोबर सांगतो म्हटल्यावर कुणाचाही विश्वास बसतो. पण फोनवर पैसे घेऊन वेटिंग कन्फर्म होत नाही आणि परताव्यासाठी ओटीपी द्यावा लागत नाही. फोटो सगळ्यांसाठी डिलीट करायला सांगा आणि त्याऐवजी गाडी, वार, डबा एवढंच टाइप करून पाठवा. फोटोच हवा असेल तर पीएनआर, नंबर आणि क्यूआर कोड पूर्ण भरीव चौकटीने झाका. हायलायटरच्या पेनाने ओढलेली रेघ पुरत नाही, फोटो उजळ केला की खालचे आकडे वाचता येतात.

विमानाच्या तिकिटाला जास्त जपावं लागतं. तिथला सहा अक्षरांचा पीएनआर आणि आडनाव टाकलं की बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर सगळं बुकिंग उघडतं, सीट बदलता येते, कधी तिकीटही रद्द करता येतं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि एका तरुणाला त्यावरून त्यांचा पासपोर्ट नंबर व फोन नंबर मिळाला. बोर्डिंग पासवरच्या बारकोडमध्येही नाव आणि पीएनआर असतो, त्यामुळे छापील अक्षरं झाकून बारकोड उघडा ठेवला तर काही उपयोग नाही. सांगण्याजोगी गोष्ट इथेही आहे: गोव्याचं तिकीट असेल तर `GOI` म्हणजे दाबोळी आणि `GOX` म्हणजे मोपा. घ्यायला जाणाऱ्याला हे आधी कळवा, कारण दाबोळी दक्षिण गोव्यात आणि मोपा पार उत्तरेच्या टोकाला आहे.

पैसे गेलेच असतील तर लाजेपोटी थांबू देऊ नका. बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन लावा, पैसे पुढे वळवले जाण्याआधी गोठवता येतात ते लवकर तक्रार केली तरच.